पायाच्या चरांना वाळवीचं औषध किती लागतं? ७८ चौ. मी. × ५ लिटर हा हिशोब कुठे चुकतो

प्रश्न: गावाकडे लोडबेअरिंग घर बांधतोय. बाहेरून १०.४५ × ७.४५ मीटर, मधे एक आडवी भिंत, म्हणजे जोतं साधारण ७८ चौ. मी. पायाचे चर ९० सेंमी रुंद आणि १ मीटर खोल खणून तयार आहेत. अंदाजपत्रकात वाळवी प्रतिबंधक औषधाचा दर ५ लिटर प्रति चौ. मी. लिहिलाय. ७८ × ५ केलं तर ३९० लिटर औषध येतं. ठेकेदार मात्र १ लिटरची बाटली घेऊन आलाय आणि ‘एवढी पुष्कळ झाली’ म्हणतोय. नक्की कोण चुकतंय?

उत्तर:

दोघंही थोडे थोडे चुकताय, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक वेगवेगळ्या जागी आहे. तुमचं क्षेत्रफळ चुकलंय. ठेकेदाराचं क्षेत्रफळ मोजायचंच राहिलंय. आणि ५ लिटर म्हणजे डब्यातलं औषध की पाण्यात मिसळलेलं, याचा तुमच्या हिशोबात घोळ झालाय.

आधी तो घोळ सोडवू. आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये बांधकामाआधीच्या फवारणीचे जे दर आहेत, ते सगळे मिसळलेल्या द्रावणाचे आहेत. डब्यातलं मूळ औषध त्यातला एक लहान हिस्सा असतो, आणि तो किती हे कोणतं औषध आणलंय त्यावर ठरतं. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी असेल तर द्रावण १ टक्क्याचं करायचं, म्हणजे १ लिटर औषधात १९ लिटर पाणी. लिटरभर द्रावणात ५० मिली औषध. बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसी असेल तर ०.०५ टक्क्याचं द्रावण, लिटरला २० मिली. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी असेल तर ०.०७५ टक्क्याचं, आणि इथे लिटरला फक्त २.१ मिली. पेरूएवढ्या बाटलीत एवढं मोठं काम कसं होतं, याचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.

(काही जण इमिडाक्लोप्रिडसाठी ०.०७५ भागिले ३०.५ करून लिटरला २.४६ मिली काढतात. ते ३०.५ टक्के वजनाचे आहेत. एक लिटर औषधात प्रत्यक्षात ३५० ग्रॅम मूळ द्रव्य असतं, म्हणून लिटरला ०.७५ ग्रॅम हवं तर २.१ मिली पुरतं. लेबलवर हाच आकडा छापलेला असतो. लेबल वाचा, भागाकार करत बसू नका.)

म्हणजे ठेकेदाराच्या हातातली बाटली इमिडाक्लोप्रिडची असेल तर तिच्यातून ४७६ लिटर द्रावण होतं. क्लोरपायरीफॉसची असेल तर फक्त २० लिटर, आणि ५ लिटरच्या दराने ते ४ चौ. मी. ला पुरेल. एका खोलीच्या कोपऱ्याला. तेव्हा त्याला आधी बाटली फिरवून लेबल दाखवायला सांगा. ‘एक लिटर पुरते की नाही’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आता क्षेत्रफळ. जोत्याचं क्षेत्रफळ हे बिल मोजायचं माप आहे. सरकारी कामातही वाळवी प्रतिबंधक फवारणीचं बिल बहुधा तळमजल्याच्या जोत्याच्या क्षेत्रफळावर निघतं, कारण ते मोजायला सोपं आणि वादाला जागा नाही. त्यामुळे माणसाला वाटतं की फवारणीही तेवढ्याच क्षेत्रावर होते. तसं नाही. औषध मारायचं ते मातीच्या त्या पृष्ठभागांवर, जिथून वाळवी घरात शिरते: चराचा तळ, चराच्या बाजू, भिंतीला लागून येणारी भर, जोत्यातल्या भरावाचा वरचा थर, आणि शेवटी घराभोवतीचा पट्टा. यातल्या काही पृष्ठभागांचा दर ५ लिटर आहे, काहींचा ७.५. प्रत्येक टप्प्याचं क्षेत्रफळ वेगळं काढावं लागतं.

तुमचंच घर घेऊ. जोत्याची भिंत ४५ सेंमी जाडीच्या दगडी बांधकामाची आहे असं धरतो, कारण तुमच्या बाहेरच्या मापांवरून मध्यरेषेची मापं १० × ७ मीटर येतात. आडवी भिंत १० मीटरचे ६ आणि ४ असे दोन भाग करते असं समजतो. तळाला १५ सेंमी पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, चराच्या पूर्ण रुंदीचं. जोतं जमिनीपासून ६० सेंमी वर, आणि आतला मुरमाचा भराव ४५ सेंमीपर्यंत, वरचे १५ सेंमी सोलिंग नि फरशीसाठी. तुमची मापं वेगळी असतील तर फक्त आकडे बदला, रीत तीच.

चराच्या तळापासून सुरू करू, कारण तुमचे चर आत्ता उघडे आहेत. बाहेरच्या चौकटीची मध्यरेषा २ × (१० + ७) = ३४ मीटर. आडव्या चराची लांबी ७ मीटर धरायची नाही. त्याची दोन्ही टोकं मुख्य चरात शिरतात, आणि तिथला तळ आधीच मोजला गेलाय. दोन्ही टोकांना अर्धी अर्धी रुंदी वजा केली की ७ − ०.९ = ६.१ मीटर उरतात. एकूण ४०.१ मीटर, रुंदी ०.९, म्हणजे तळ ३६.०९ चौ. मी.

बाजू. आयएस म्हणतं की चराच्या बाजू तळापासून साधारण ३०० मिमी उंचीपर्यंत मारायच्या. पूर्ण एक मीटर नव्हे, कारण वरच्या भागाची काळजी पुढे भर टाकताना घेतली जाते. बाजूंची लांबी अशी: बाहेरची कड २ × (१०.९ + ७.९) = ३७.६ मीटर. आतल्या कडा दोन खोल्यांच्या: एक ५.१ × ६.१, तिचा परीघ २२.४; दुसरी ३.१ × ६.१, तिचा परीघ १८.४. सगळे मिळून ७८.४ मीटर. पडताळणी हवी असेल तर चरांच्या लांबीची दुप्पट, ८०.२, काढा आणि त्यातून दोन टी-जोडांची तोंडं, २ × ०.९, वजा करा. तेवढ्या जागी चराला बाजू नसतेच, दुसरा चर मिळालेला असतो. ७८.४ × ०.३ = २३.५२ चौ. मी.

तळ अधिक बाजू, ५९.६१ चौ. मी. दर ५ लिटर. २९८ लिटर द्रावण.

म्हणजे फक्त चरांच्या टप्प्याला इमिडाक्लोप्रिड ६२६ मिली, बायफेन्थ्रिन सुमारे ६ लिटर, किंवा क्लोरपायरीफॉस १५ लिटर. ठेकेदाराची बाटली इमिडाक्लोप्रिडची असेल तर चरांपुरती ती खरोखर पुरते, आणि त्यातून एक तृतीयांशाहून जास्त उरतेही. त्याचं बोलणं अर्ध्यापर्यंत बरोबर आहे. पण तो चर मारून ‘झालं’ म्हणणार असेल तर पंचाईत आहे, कारण सगळ्यात जास्त औषध पुढच्या टप्प्याला जातं आणि नेमका तोच टप्पा सर्रास गाळला जातो.

तो टप्पा म्हणजे भिंतीला लागून टाकायची भर. पीसीसी झालं, त्यावर ४५ सेंमीची भिंत उभी राहिली, की चर ९० सेंमी असल्यामुळे भिंतीच्या दोन्ही अंगांना साडेबावीस सेंमीची फट उरते. ती फट खणलेल्याच मातीने भरली जाते. ही माती मोकळी, ढेकळांची, आणि वाळवीला घट्ट जमिनीपेक्षा कितीतरी सोयीची. शिवाय दगडी बांधकामात सांध्यांतला मसाला कुठे कमी, कुठे पोकळ. म्हणून इथे दर ७.५ लिटर आहे, आणि तो भिंतीच्या उभ्या पृष्ठभागावर मोजायचा. दोन्ही अंगांचा.

भिंतीचा बाहेरचा परीघ २ × (१०.४५ + ७.४५) = ३५.८ मीटर. आतून दोन खोल्या: ५.५५ × ६.५५ चा परीघ २४.२, आणि ३.५५ × ६.५५ चा २०.२. आतले ४४.४ मीटर. एकूण ८०.२ मीटर लांबीचा उभा पृष्ठभाग. पीसीसीच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत उंची १.० − ०.१५ = ०.८५ मीटर. क्षेत्रफळ ६८.१७ चौ. मी., गुणिले ७.५, म्हणजे ५११ लिटर.

चरांच्या जवळजवळ पावणेदोन पट. इथे माझीच एक जुनी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका शाळेच्या खोलीचं काम होतं. भरीचा हिशोब मी मध्यरेषेची लांबी गुणिले उंची असा केला, म्हणजे भिंतीचं एकच अंग धरलं. औषध तेवढंच मागवलं. मिस्त्रीने बाहेरच्या अंगाला नीट ओतलं आणि आतल्या अंगाला पोचेपर्यंत ड्रम रिकामा. त्याने मला न विचारता उरलेल्या कामात पाणी वाढवून ओतलं. मला कळलं ते रिकाम्या डब्यांवरून: काम पूर्ण झाल्याचा दाखला होता, पण डबे माझ्या कागदावरच्या आकड्याएवढेच होते, आणि माझा आकडाच अर्धा होता. आतल्या अंगाला माती खणून पुन्हा ओतावं लागलं. त्या दिवसापासून भरीच्या हिशोबात ‘आतलं अंग’ आणि ‘बाहेरचं अंग’ अशा दोन ओळी मी वेगळ्याच लिहितो, बेरीज करून एक ओळ कधीच नाही.

भरीचं औषध वरून एकदाच शिंपडून भागत नाही. ८५ सेंमी खोल मातीच्या माथ्यावर ओतलेलं औषध तळापर्यंत जात नाही. थर टाकत जा, तीसेक सेंमीचा एक थर, धुमसाने ठोकून घ्या, मग भिंतीला अगदी चिकटून १५ सेंमीच्या अंतराने सळीने भोकं पाडा, सळी भिंतीला समांतर पुढेमागे हलवून भोक जरा रुंद करा, आणि त्यात ओता. ठोकताना पाणी मारणार असाल तर औषध ठोकल्यानंतरच. आधी औषध आणि मग वरून पाणी, असं केलं तर औषध पातळ होऊन खाली निघून जातं. एका अंगाच्या एका मीटर लांबीला ३० सेंमीच्या थरामागे ०.३ × ७.५ = २.२५ लिटर येतात. मीटरमध्ये साधारण सात भोकं, म्हणजे भोकाला एक तृतीयांश लिटर. मजुराला ‘साडेसात लिटर प्रति चौरस मीटर’ सांगून काही होत नाही. त्याच्या हातात मापाचा मग द्या, ३३० मिलीच्या जागी रंगाने रेघ मारा, आणि ‘प्रत्येक भोकात रेघेपर्यंत’ एवढंच सांगा. हे त्याला एका मिनिटात कळतं आणि तुम्हाला भोकं मोजून तपासता येतं.

पुढचे टप्पे आत्ता लागणार नाहीत, पण औषध एकदम आणायचं असेल तर आकडे आत्ताच हवेत. जोत्याच्या आतला मुरमाचा भराव झाला की भिंत आणि भराव यांच्या सांध्यावर पुन्हा ७.५ लिटर, जमिनीपर्यंतच्या उंचीवर: ४४.४ × ०.४५ = २० चौ. मी., १५० लिटर. हा सांधा फरशीखालून भिंतीच्या कडेने वर येणाऱ्या वाळवीचा ठरलेला रस्ता आहे, म्हणून कडेने ३० मिमीची खाचही काढतात. मग भरावाच्या माथ्यावर, सोलिंगच्या आधी, पहारीने १५ सेंमीवर ५ ते ७ सेंमी खोल खड्डे पाडून ५ लिटरचा दर: दोन खोल्यांचं आतलं क्षेत्र ५९.६ चौ. मी., पुन्हा २९८ लिटर. चरांइतकाच आकडा आला हा तुमच्या घराच्या मापांचा निव्वळ योगायोग, त्याचं सूत्र करू नका. शेवटी घराभोवतीचा पट्टा, ३५.८ मीटर लांब आणि ३०० मिमी खोल, १०.७४ चौ. मी. ला ७.५ प्रमाणे ८१ लिटर.

सगळी बेरीज १,३३८ लिटर द्रावण. तुमचे ३९० कुठे आणि हे कुठे. मूळ औषधात सांगायचं तर इमिडाक्लोप्रिड २.८ लिटर, बायफेन्थ्रिन २७ लिटर, किंवा क्लोरपायरीफॉस ६७ लिटर. बाटली इमिडाक्लोप्रिडची असेल तर ठेकेदाराने आणखी दोन बाटल्या आणायला हव्यात, एवढाच त्याचा दोष. तुमच्या जोत्याने भागलं तर चौ. मी. ला १७ लिटर येतात. पण हा १७ चा आकडा पुढच्या घराला लावू नका. खोल्या लहान असल्या, आडव्या भिंती जास्त असल्या की तेवढ्याच जोत्यात भिंतींची लांबी वाढते आणि आकडा वर जातो. चर खोल असला तरी तसंच.

आता उघड्या चरांकडे परत. ५ लिटर प्रति चौ. मी. म्हणजे डोळ्याला काय दिसतं? एक लिटर एका चौरस मीटरवर सारखं पसरलं तर एक मिलीमीटर थर होतो. म्हणजे ५ मिमी पाऊस पडल्यासारखं. फवारा मारून जमीन नुसती रंग बदलून काळपट झाली म्हणजे ५ लिटर झाले नाहीत, तिथे अर्धा-एक लिटर गेलाय. तुम्ही स्वतः करून बघा: चराच्या तळावर ९० सेंमी रुंदी आयतीच आहे, लांबीत १.११ मीटरवर फळी आडवी ठेवा, म्हणजे एक चौरस मीटर झाला. त्यात मापाने ५ लिटर झारीने सारखं ओता आणि अर्ध्या तासाने थापीने माती खरवडा. कोरड्या मुरमाड मातीत सुमारे इंचभर ओल दिसते. हा तुकडा तुमचा नमुना. बाकीचा चर मारून झाल्यावर कुठेही खरवडलं तरी तेवढीच ओल दिसली पाहिजे.

पाठीवरचा पंप बहुधा १६ लिटरचा असतो. २९८ लिटर म्हणजे अठरा-एकोणीस पंप. मजूर चार पंप मारून मोकळा झाला तर बाकी काही तपासायची गरज नाही. वेळेवरूनही कळतं. शेतात कीटकनाशक मारायच्या बारीक नोझलने पंप मिनिटाला लिटरभरही टाकत नाही. म्हणजे चरांनाच पाच तासांच्या पुढे लागतील. इतका वेळ कोणी देत नाही, म्हणूनच अर्धं काम होतं. त्यापेक्षा नोझल काढून टाका, किंवा सरळ झारी घ्या. इथे थेंब बारीक करायची गरज नाही, मातीत मुरायला हवं. २०० लिटरच्या ड्रममध्ये एकदम मिसळा: आधी अर्धा ड्रम पाणी, मग औषध, काठीने ढवळा, मग उरलेलं पाणी. इमिडाक्लोप्रिड असेल तर २०० लिटरला ४२० मिली, क्लोरपायरीफॉस असेल तर १० लिटर. दोन्ही दुधासारखी पांढरट होतात. क्लोरपायरीफॉसचा उग्र वास येतो, इमिडाक्लोप्रिडचा जवळजवळ येत नाही. म्हणून ‘वास येत नाही म्हणजे पाणीच मारलंय’ असा आरोप करण्याआधी डबा बघा.

तुमची माती काळी असेल तर ५ लिटर एकदम जिरत नाहीत. चराच्या तळाला डबकं होतं आणि बाजूंचं औषध ओघळून तळाला येतं. मजूर मग ‘जमीन घेत नाही’ म्हणून थांबतो. मात्रा कमी करू नका. दोन हप्त्यांत द्या, अडीच आणि अडीच, मधे जिरू द्या. बाजूंना आधी मारा आणि तळाला नंतर, म्हणजे जे ओघळेल ते तळाच्या हिशोबात जमा होतं.

आणि जिरलं, पृष्ठभाग कोरडा झाला, की पीसीसी. आधी नाही. चर ओला असताना काँक्रीट ओतायचं नाही. पण म्हणून आठवडाभर उघडंही ठेवू नका. ओल्या मातीत किंवा पाऊस चालू असताना फवारणी करायची नाही, हे तर आयएसमध्येच आहे. मारल्यावर रात्री मोठा पाऊस झाला, चरात पाणी साचलं, सकाळी पंप लावून उपसलं, हे मी दोन-तीनदा पाहिलंय. उपसलेल्या पाण्याबरोबर तुमचं औषध शेजाऱ्याच्या ओढ्यात गेलेलं असतं. अशा वेळी चर सुकू द्यायचा आणि चरांचा टप्पा पूर्ण परत करायचा. २९८ लिटर परत. म्हणून मी नेहमी सकाळी फवारणी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पीसीसी असं बसवतो, आणि त्याआधी मिक्सर, खडी, सिमेंट साइटवर आलंय का ते बघून मगच ड्रम भरायला सांगतो. मारल्यानंतर चरात उतरून कोणी तळ साफ करायला फावडं चालवलं तर तेवढा भाग पुन्हा मारावा लागतो. साफसफाई, लेव्हल, सगळं आधी.

तुमच्या अंगणात विहीर किंवा बोअर असेल तर त्या बाजूच्या चराबद्दल ठेकेदाराशी आधीच बोला. औषध पिण्याच्या पाण्यात जाता कामा नये, आणि मुरमाड, भेगाळ जमिनीत ते कुठवर जाईल याचा भरवसा नसतो. मारणाऱ्याच्या हातात रबरी हातमोजे, पायात गमबूट, तोंडाला मास्क, आणि जेवायच्या आधी साबणाने हात. क्लोरपायरीफॉस मारताना कुणाला डोकेदुखी, मळमळ, तोंडाला लाळ सुटणं असं झालं तर डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडे. डॉक्टरला लेबल दिसणं महत्त्वाचं.

एक गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण हा हिशोब वाचून कोणी आरसीसी कॉलमच्या घराला लावेल म्हणून सांगतो. कॉलम आणि प्लिंथ बीमच्या बांधकामात खड्ड्याच्या तळापासून मारत यायची गरज नाही, कारण दाट काँक्रीटमधून वाळवी वर येत नाही. तिथे जमिनीखाली ५०० मिमीपासून वरच कॉलम आणि बीमच्या उभ्या पृष्ठभागाला लागून ७.५ लिटरने मारतात. ३०० × ४५० मिमीच्या कॉलमचा परीघ दीड मीटर, गुणिले अर्धा मीटर, ०.७५ चौ. मी., म्हणजे कॉलममागे साडेपाच-सहा लिटर. तुमच्यासारखे एक मीटर खोल चर तिथे मोजले तर औषध विनाकारण दुप्पट होईल.

ठेकेदाराशी बोलताना भांडू नका, त्याला हे आकडे टप्प्याटप्प्याने कागदावर लिहून द्या: चर २९८, भर आतलं अंग २८३, भर बाहेरचं अंग २२८, सांधा १५०, भराव २९८, बाहेरचा पट्टा ८१. प्रत्येक टप्प्याच्या दिवशी सील असलेली बाटली तुमच्यासमोर फोडायची आणि बॅच नंबर व मुदत वहीत लिहायची. रिकामी बाटली भोकं पाडून त्याच्याकडे परत द्या, घरात पाणी भरायला वापरू देऊ नका. बाहेरच्या पट्ट्याचं औषध मात्र आत्ताच वापरून टाकू नका. तो सगळ्यात शेवटी, बाहेरचं प्लास्टर, नळाचे आणि ड्रेनेजचे चर भरून झाल्यावर मारायचा असतो, नाहीतर प्लंबर येऊन तीच माती उकरून टाकतो.